सेंद्रिय व प्रचलित शेतमालातील पोषणमूल्यांची तुलना

सेंद्रिय पद्धतीने पिकवलेली फळे, भाज्या व धान्ये आणि रासायनिक खते व कीटकनाशके वापरून प्रचलित पद्धतीने पिकवलेला शेतमाल यांच्यातील पोषकद्रव्यांच्या प्रमाणाची तुलना हा आहारशास्त्र व कृषिविज्ञानातील दीर्घकाळ वादग्रस्त राहिलेला विषय आहे. सेंद्रिय मालात कीटकनाशकांचे अंश कमी वेळा आढळतात, याबद्दल प्रमुख आढाव्यांत एकमत आहे. जीवनसत्त्वे व खनिजे यांच्या बाबतीत मात्र मोठा व सातत्यपूर्ण फरक दिसून आलेला नाही. नायट्रोजनयुक्त घटक, पॉलिफिनॉल आणि कॅडमियम या तीन बाबतींत काही आढाव्यांनी फरक नोंदवले आहेत.

'सेंद्रिय' हे प्रमाणपत्र उत्पादनाच्या पद्धतीचे असते, अन्नातील घटकांचे नव्हे. भारतातील राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमांतर्गत दिले जाणारे प्रमाणपत्रही याच स्वरूपाचे आहे. त्यामुळे पोषणमूल्यातील फरक गृहीत धरता येत नाही. तो मोजूनच ठरवावा लागतो.

## तुलनेच्या पद्धती व अडचणी

अशा अभ्यासांचे साधारणपणे तीन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात बाजारातून दोन्ही प्रकारचा माल विकत घेऊन तपासला जातो. यात वाण, पक्वता, साठवणुकीचा काळ व मूळ जमीन यांची माहिती बहुधा नसते, त्यामुळे आढळलेला फरक नेमका कशामुळे आला हे सांगता येत नाही. दुसऱ्या प्रकारात शेजारशेजारच्या सेंद्रिय व प्रचलित शेतांची जोडी निवडली जाते. तिसऱ्या प्रकारात एकाच प्रक्षेत्रावर, एकाच हवामानात, दोन्ही पद्धतींनी पीक घेतले जाते. हा प्रकार सर्वांत विश्वसनीय मानला जातो, परंतु त्याचे निष्कर्ष त्या जागेपुरते व त्या पिकापुरते मर्यादित राहतात.

पाण्याचे प्रमाण हा आणखी एक फसवा घटक आहे. नायट्रोजन मुबलक मिळालेल्या पिकांत पुष्कळदा पाण्याचा अंश अधिक असतो. उदाहरणार्थ, एका टोमॅटोत ५ टक्के व दुसऱ्यात ६ टक्के शुष्क पदार्थ असेल आणि त्या शुष्क पदार्थातील एखाद्या घटकाचे प्रमाण दोन्हींत अगदी सारखे असेल, तरी १०० ग्रॅम ताज्या फळामागे दुसऱ्या टोमॅटोत तो घटक २० टक्क्यांनी अधिक भरेल. म्हणून निष्कर्ष ताज्या वजनावर काढला आहे की शुष्क वजनावर, हे पाहिल्याशिवाय दोन अभ्यासांची तुलना करता येत नाही.

## टोमॅटोवरील दीर्घकालीन प्रयोग

अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील प्रक्षेत्रावर १९९० च्या दशकात दीर्घकालीन कृषी प्रयोग सुरू झाला. प्रचलित पद्धतीच्या वाफ्यांना रासायनिक खते, तर सेंद्रिय वाफ्यांना कंपोस्ट खत व हिवाळी द्विदल आच्छादन पिके दिली जात. दरवर्षीच्या टोमॅटोचे नमुने वाळवून जतन केले जात असल्याने १९९४ ते २००४ या काळातील नमुन्यांची एकत्र तपासणी करणे शक्य झाले.

अ‍ॅलिसन मिचेल व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार सेंद्रिय टोमॅटोत क्वेर्सेटिन हे फ्लॅव्होनॉइड सरासरी ७९ टक्क्यांनी, तर केम्फेरॉल ९७ टक्क्यांनी अधिक होते. सेंद्रिय टोमॅटोतील हे प्रमाण वर्षागणिक वाढत गेले. प्रचलित टोमॅटोत मात्र तसा बदल दिसला नाही. ही वाढ जमिनीतील सेंद्रिय पदार्थ वाढत जाण्याशी आणि जमीन स्थिरावल्यावर कंपोस्टची मात्रा कमी केली जाण्याशी जुळणारी होती.

याचे स्पष्टीकरण वनस्पतीच्या नायट्रोजन-पुरवठ्यात शोधले जाते. नायट्रोजन सहज व भरपूर मिळाल्यास वनस्पती वाढीला व प्रथिननिर्मितीला प्राधान्य देते. पुरवठा मर्यादित असल्यास प्रकाशसंश्लेषणातून मिळालेला कार्बन फ्लॅव्होनॉइडसारख्या, नायट्रोजन नसलेल्या संरक्षक संयुगांकडे वळतो. या दृष्टीने पाहिल्यास फरकाचे कारण 'सेंद्रिय' ही ओळख नसून नायट्रोजनची मात्रा व तो उपलब्ध होण्याची गती हे ठरते. कंपोस्ट अतिरेकी प्रमाणात दिल्यास हा फरक कमी होऊ शकतो.

## प्रमुख आढावे

ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेसाठी अ‍ॅलन डँगोर व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये केलेल्या आढाव्यात मागील ५० वर्षांतील १६२ अभ्यास विचारात घेतले गेले. त्यांपैकी केवळ ५५ समाधानकारक दर्जाचे ठरले. प्रमाणन संस्था, पिकाचा वाण व तपासणीची पद्धत यांचा उल्लेख हे त्याचे निकष होते. प्रचलित पिकांत नायट्रोजन अधिक, तर सेंद्रिय पिकांत फॉस्फरस व आम्लता अधिक आढळली. उरलेल्या बहुतेक घटकांत फरक दिसला नाही.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील क्रिस्टल स्मिथ-स्पँग्लर व सहकाऱ्यांचा २०१२ चा आढावाही साधारण याच निष्कर्षावर आला. कीटकनाशकांचे अंश सेंद्रिय मालाच्या ७ टक्के, तर प्रचलित मालाच्या ३८ टक्के नमुन्यांत सापडले, असे त्यात नोंदवले आहे.

न्यूकॅसल विद्यापीठातील मार्सिन बारान्स्की व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ३४३ प्रकाशनांचे मेटा-विश्लेषण केले आणि वेगळे चित्र मांडले. त्यानुसार सेंद्रिय पिकांत विविध पॉलिफिनॉल गटांचे प्रमाण सरासरी १९ ते ६९ टक्क्यांनी अधिक आणि कॅडमियम ४८ टक्क्यांनी कमी होते. मात्र प्रथिनांचे प्रमाणही सेंद्रिय पिकांत कमी होते. काही फॉस्फेट खतांत कॅडमियम हा विषारी जड धातू अशुद्धीच्या रूपाने असतो. कॅडमियममधील फरकाचे हे एक संभाव्य कारण मानले जाते.

निष्कर्षांतील ही तफावत मुख्यतः निवडीच्या निकषांमुळे आहे. डँगोर यांनी अपुरी माहिती देणारे अभ्यास वगळले, तर बारान्स्की यांनी अधिक अभ्यास सामावून घेतले. त्यामुळे लहान फरक ओळखण्याची क्षमता वाढली, पण कमकुवत अभ्यासांचा प्रभाव पडल्याची टीकाही झाली.

## आरोग्यावरील परिणाम

अन्नातील घटक अधिक असणे आणि खाणाऱ्याला त्याचा लाभ होणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पॉलिफिनॉल शरीरात मर्यादित प्रमाणातच शोषले जातात, आणि जीवनसत्त्वांप्रमाणे त्यांची आवश्यक दैनिक मात्रा ठरलेली नाही.

मोठ्या निरीक्षणात्मक अभ्यासांचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. ब्रिटनमधील सुमारे ६ लाख २३ हजार महिलांच्या पाहणीत (२०१४) सेंद्रिय अन्न खाण्याचा एकूण कर्करोगाच्या प्रमाणाशी संबंध आढळला नाही. फ्रान्समधील सुमारे ६९ हजार व्यक्तींच्या पाहणीत (२०१८) सर्वाधिक सेंद्रिय अन्न खाणाऱ्या गटात कर्करोगाचा धोका सर्वांत कमी खाणाऱ्या गटापेक्षा २५ टक्क्यांनी कमी दिसला. सेंद्रिय अन्न घेणारे लोक बहुधा अधिक शिक्षित व सुस्थितीतील असतात, तसेच फळे-भाज्याही अधिक खातात. अभ्यासकांनी या बाबींसाठी आकडेवारीत समायोजन केले असले, तरी त्यांचा प्रभाव पूर्णपणे वेगळा काढता येत नाही. त्यामुळे अशा पाहण्यांतून कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही.