प्रगतिशील प्राप्तिकर : अंगभूत स्थिरक (अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात)

उत्पन्न वाढले की कर त्याहून जास्त वेगाने वाढतो आणि उत्पन्न घटले की कर त्याहून जास्त वेगाने घटतो, अशी चढत्या दरांची रचना म्हणजे प्रगतिशील प्राप्तिकर. या रचनेमुळे तेजीत लोकांच्या हाती येणाऱ्या जादा पैशाचा काही भाग सरकारकडे वळतो, तर मंदीत बसलेल्या खोटीचा काही भाग सरकार स्वतःच्या अंगावर घेते. त्यासाठी मंत्रिमंडळाचा निर्णय, अध्यादेश किंवा पॅकेज लागत नाही. काम कराच्या कोष्टकातूनच होते, म्हणून अर्थशास्त्रात त्याला अंगभूत किंवा स्वयंचलित स्थिरक म्हणतात. रिचर्ड मसग्रेव्ह आणि मर्टन मिलर यांनी 1948 मध्ये या गुणाचे मोजमाप मांडले. उत्पन्नात 100 रुपयांचा फरक पडला तर करात किती रुपयांचा फरक पडतो, हे त्याचे सोपे रूप. युरोप-अमेरिकेसाठी डोल्स, फ्युस्ट आणि पाइखल यांनी 2012 मध्ये केलेल्या अभ्यासानुसार उत्पन्नाला बसलेल्या धक्क्यापैकी युरोपीय संघात सुमारे 38 टक्के आणि अमेरिकेत सुमारे 32 टक्के भाग कर व सामाजिक लाभ मिळून शोषून घेतात.

हा गुण भारतातील एका जिल्ह्यात किती उतरतो, हे पाहायला अहिल्यानगर (2024 पर्यंत अहमदनगर) सोयीचा आहे. क्षेत्रफळाने राज्यातील या सर्वांत मोठ्या जिल्ह्यात उत्पन्नाचे चार वेगवेगळे स्वभाव शेजारी-शेजारी नांदतात. राहाता, कोपरगाव, श्रीरामपूर, नेवासे हा पाटपाण्याचा उसाचा पट्टा. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना 1950 पासून याच पट्ट्यात उभा आहे. पाथर्डी, जामखेड, कर्जत, पारनेर हा पावसावर जगणारा भाग; पाथर्डीकडून ऊसतोडीच्या टोळ्या दरवर्षी घर सोडतात. नागापूर व सुपे येथील एमआयडीसीतला पगारदार तिसरा, आणि या तिघांच्या खरेदीवर चालणारा व्यापारी, डॉक्टर, वाहतूकदार चौथा. यांतल्या प्रत्येकाला कराची ही उशी सारखी मिळत नाही. पुढील आकडे आर्थिक वर्ष 2025-26 च्या नव्या करप्रणालीचे आहेत : 4 लाखांपर्यंत कर नाही, त्यानंतर 24 लाखांपर्यंत प्रत्येक 4 लाखांच्या टप्प्याला 5, 10, 15, 20 आणि 25 टक्के, त्यापुढे 30 टक्के, करावर 4 टक्के उपकर.

पगारदाराचे उदाहरण. समजा, सुप्याच्या एका कारखान्यातील उत्पादन व्यवस्थापकाचा पगार भत्त्यांसह महिना 1,50,000 रुपये, म्हणजे वर्षाचे 18 लाख आहे. 75,000 रुपयांची प्रमाणित वजावट गेल्यावर 17.25 लाखांवर उपकरासह 1,50,800 रुपये कर होतो. सप्टेंबरनंतर ऑर्डरी आटल्या, उत्पादनाशी जोडलेला भत्ता बंद झाला आणि ऑक्टोबरपासून त्याचा ठोक पगार महिना 1,00,000 रुपयांवर आला. वर्षाचे उत्पन्न 3 लाखांनी घटून 15 लाख झाले. आता कर 97,500 रुपये, म्हणजे 53,300 रुपयांनी कमी. बुडालेल्या प्रत्येक 100 रुपयांमागे जवळपास 18 रुपये सरकारने सोसले. त्याच्या उत्पन्नावरील कराचा सरासरी दर आधी सव्वाआठ टक्क्यांच्या आसपास होता. सर्वांना एकाच सपाट दराने कर असता, तर तेवढेच आठ-साडेआठ रुपये सुटले असते. वरचे सुमारे साडेनऊ रुपये ही चढत्या दरांची कमाई.

ही उशी लगेच पोहोचते, कारण पगारातून कापला जाणारा टीडीएस वर्षभराच्या अंदाजी उत्पन्नावर बेतलेला असतो आणि अंदाज बदलला की उरलेल्या महिन्यांत तो सावरून घेता येतो. पहिल्या सहा महिन्यांत महिना सुमारे 12,567 रुपयांप्रमाणे 75,400 रुपये कापले गेले होते. उरले 22,100, म्हणजे पुढे महिना सुमारे 3,683. पगारपत्रकावर ठोक पगार 50,000 ने घसरतो, पण हाती येणारी रक्कम सुमारे 41,000 नेच घसरते. अर्थात लेखा विभागाने सुधारित अंदाज वेळेवर धरला, तरच. जुनाच अंदाज मार्चपर्यंत ओढला, तर हेच पैसे विवरणपत्र भरल्यानंतर परतावा म्हणून येतात, तोवर घराचे हप्ते थकलेले असतात. पगारपत्रकातील टीडीएसचा रकाना पगार घटल्याच्या महिन्यातही जागचा हलला नसेल, तर चूक कुठे आहे ते तिथेच कळते.

याच कोष्टकात एक विचित्र जागा आहे. 12 लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो आणि त्याच्या लगेच वर ‘सीमांत सवलत’ लागू होते : 12 लाखांवर जितके उत्पन्न, तितकाच कर (उपकर वेगळा). ही पट्टी साधारण 12.70 लाखांपर्यंत जाते. 12.60 लाखांवरून 12 लाखांवर आलेल्या माणसाचे 60,000 रुपये बुडतात आणि तेवढाच करही संपतो. धक्का पूर्णच्या पूर्ण सरकारने झेलला. उलट 12 लाखांवरून 9 लाखांवर घसरलेल्याला एक रुपयाही दिलासा नाही, कारण तो मुळात कर भरतच नव्हता. कर शून्याच्या खाली जात नाही, तिथे उशी संपते. 2025 च्या अर्थसंकल्पाने करमुक्तीची रेषा वर नेली, तेव्हा लाखो घरांचा कर वाचला, पण त्याच घरांपुरता हा स्थिरकही बंद पडला. या दुसऱ्या परिणामाची चर्चा त्या वेळी फारशी झाली नाही.

शेती. शेतीचे उत्पन्न केंद्रीय प्राप्तिकरातून मुक्त आहे. म्हणून उसाला चांगला दर मिळालेल्या वर्षी प्रवरा-गोदावरीच्या पट्ट्यातून कर काही ओढून घेत नाही आणि दुष्काळात काही सोडूनही देत नाही. जिल्ह्याच्या उत्पन्नातील सर्वांत चंचल भाग असा स्थिरकाच्या कक्षेबाहेर राहतो. मात्र एक मागचा दरवाजा आहे. के. एन. राज समितीच्या 1972 च्या शिफारशीवरून 1973 पासून ‘अंशतः एकत्रीकरण’ लागू झाले. व्यक्तीचे बिगरशेती उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल आणि शेतीचे निव्वळ उत्पन्न 5,000 रुपयांहून जास्त असेल, तर शेतीच्या उत्पन्नावर कर लागत नाही, पण दर ठरवताना ते मोजले जाते.

राहात्याच्या एका डॉक्टरचे उदाहरण घेऊ. दवाखान्याचे करपात्र उत्पन्न 15 लाख, उसाचे निव्वळ 5 लाख. आधी दोन्ही मिळून 20 लाखांवर कर काढायचा : 2,00,000 रुपये. मग करमुक्त मर्यादेचे 4 लाख आणि शेतीचे 5 लाख अशा 9 लाखांवरचा कर, म्हणजे 30,000, त्यातून वजा करायचा. देय कर 1,70,000, उपकर वेगळा. पुढच्या वर्षी पाटाला पाणी आले नाही, ऊस वाळला, शेतीचे उत्पन्न शून्य झाले. दवाखाना तेवढाच चालला तरी कर आता 15 लाखांवरचा, म्हणजे 1,05,000. शेतीतले 5 लाख बुडाले तेव्हा 65,000 रुपये कर सुटला : शंभरामागे 13. ज्या उत्पन्नावर कागदोपत्री कर नाही, त्याच्या तोट्यातही सरकार भागीदार झाले. पण ही सोय दवाखाना, दुकान किंवा नोकरी असलेल्या बागायतदारालाच मिळते. केवळ शेतीवर जगणाऱ्याला, म्हणजे जिथे धक्का सर्वांत मोठा तिथे, ती नाही.

वाहतूकदार. अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत स्थिरक आणखी एका प्रकारे निकामी होतो. दहापर्यंत मालवाहू गाड्या असलेल्या मालकाला हिशेबाच्या वह्या न ठेवता ठरावीक उत्पन्न दाखवण्याची मुभा आहे. 12 टनांहून जास्त एकूण वजनाच्या गाडीसाठी ते दरमहा टनामागे 1,000 रुपये धरले जाते. 28 टनी पाच गाड्यांचे वर्षाचे उत्पन्न 16.80 लाख आणि कर उपकराआधी 1,36,000 रुपये. कारखान्याचा गाळप हंगाम लांबला आणि गाड्या रात्रंदिवस पळाल्या, तरी तेवढाच. ऊस नाही म्हणून हंगाम लवकर उरकला आणि गाड्या आवारात उभ्या राहिल्या, तरी तेवढाच. गाड्या आपल्या नावावर आहेत, एवढे पुरते. प्रत्यक्षात कमी उत्पन्न दाखवता येते, पण मग वह्या ठेवून लेखापरीक्षण करून घ्यावे लागते, आणि ती तयारी वर्षाच्या सुरुवातीपासून हवी. चढत्या दरांचे कोष्टक कायद्यात असते, पण त्यात टाकायचा आकडाच गोठवलेला असतो. वह्यांचा त्रास वाचतो, त्याची ही किंमत.

खर्चाच्या बाजूचा जोडीदार. ज्यांचे उत्पन्न कराच्या रेषेपर्यंत पोहोचतच नाही, त्यांच्यासाठी स्थिरक खर्चाच्या बाजूने यावा लागतो. महाराष्ट्राने तो 1972 च्या दुष्काळाच्या वेळी घडवला : रोजगार हमी योजना. वि. स. पागे हे तिचे शिल्पकार. 1977 च्या कायद्याने तिला वैधानिक हमी मिळाली आणि ती 26 जानेवारी 1979 पासून अमलात आली. पाऊस दडी मारतो, कामाची मागणी वाढते, मजुरीवरचा खर्च आपोआप फुगतो. पाऊस चांगला झाला की मजूर शेतावर परततो आणि खर्च ओसरतो. पाथर्डी किंवा जामखेडच्या कोरडवाहू गावात तेजी-मंदीचा तोल सांभाळायचा असेल, तर तो या मार्गानेच सांभाळला जातो. नालाबांध आणि पाझर तलावांवरची हजेरी हाच तिथला निर्देशांक.

या योजनेसाठी राज्याने 1975 पासून व्यवसाय कर बसवला. त्याची रचना मात्र प्रगतिशील म्हणता येत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद 276 नुसार तो माणशी वर्षाला 2,500 रुपयांच्या वर जाऊ शकत नाही. महिना 1,50,000 मिळवणारा वरील व्यवस्थापक पगार घटण्याआधीही 2,500 भरतो आणि घटल्यावरही 2,500 च भरतो. म्हणजे राज्याच्या जुन्या व्यवस्थेत खर्च दुष्काळासोबत हलत असे आणि त्यासाठीचा कर जागचा हलत नसे. महसुलाच्या दृष्टीने हे वाईट नव्हते, कारण पैसा सर्वांत जास्त लागतो त्याच वर्षी हा कर आटत नाही.

मर्यादा. प्राप्तिकराचा महसूल मंदीत घटतो तेव्हा तूट सोसण्याची ताकद केंद्राकडे असते, राज्याकडे तेवढी नसते. वाटपयोग्य केंद्रीय करांतील 41 टक्के हिस्सा (पंधरावा वित्त आयोग, 2021-26) राज्यांना जातो, त्यामुळे कर आटला की राज्यांचा वाटाही आटतो. त्यांच्या कर्जउभारणीवर मर्यादा असल्याने ती बांधकामांची बिले आणि अनुदाने लांबवतात. करदात्याच्या खिशात राहिलेला पैसा असा ठेकेदाराच्या थकीत बिलातून काही अंशी परत जातो. दुसरी अडचण महागाईची. टप्पे वर्षानुवर्षे तेच राहिले, तर केवळ महागाईपोटी वाढलेल्या पगारावरही वरचा दर लागतो. जुन्या प्रणालीतील अडीच लाखांची करमुक्त मर्यादा 2014 पासून तशीच आहे. अशा वेळी कर तेजी थोपवत नाही, खरे उत्पन्न कुरतडतो.

एकंदरीत, अहिल्यानगर जिल्ह्यात प्रगतिशील प्राप्तिकराचा हा गुण 12 लाखांच्या वर करपात्र उत्पन्न असलेले पगारदार, वह्या ठेवणारे व्यावसायिक आणि जोडउत्पन्न असलेले बागायतदार यांच्यापुरता खराखुरा चालतो. जिल्ह्याचे उत्पन्न मुख्यतः ज्याच्यामुळे वरखाली होते त्या पावसाच्या आणि उसाच्या धक्क्यावर त्याचा थेट इलाज नाही. ते काम रोजगार हमीसारख्या खर्चाच्या बाजूच्या योजनांकडेच राहते.