पोलीस क्लिअरन्स प्रमाणपत्र (रत्नागिरी जिल्हा)

अर्जदाराच्या नावावर पोलीस दप्तरी प्रतिकूल नोंद नाही, किंवा असल्यास ती कोणती, हे सांगणारा दाखला. बोलण्यात त्याला 'पीसीसी' किंवा 'चारित्र्याचा दाखला' म्हणतात. जिल्ह्यात त्याची गरज मुख्यतः दोन प्रकारच्या लोकांना लागते. दापोली, खेड, चिपळूण, रत्नागिरी, राजापूर या तालुक्यांतून आखाती देशांत नोकरीसाठी जाणारे हा एक वर्ग. लोटे-परशुरामसारख्या औद्योगिक वसाहतींत, सुरक्षा एजन्सींत किंवा ठेकेदारांकडे कामाला लागणारे हा दुसरा. दोघेही एकाच नावाने दाखला मागतात, पण त्यांना लागणारे कागद वेगळे आहेत आणि ते देणारी कार्यालयेही वेगळी आहेत.

दोन प्रकार. परदेशासाठीचा दाखला पासपोर्ट कार्यालय देते, पोलीस ठाणे नव्हे. पोलीस फक्त अहवाल पाठवतात. दीर्घ मुदतीचा व्हिसा, नोकरी, वास्तव्याचा परवाना किंवा कायमचे स्थलांतर यांसाठीच तो मिळतो, पर्यटन व्हिसासाठी नाही. देशातल्या नोकरीसाठीचे 'चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र' जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयातून मिळते. कुवेतच्या व्हिसासाठी पोलीस अधीक्षकांचा दाखला घेऊन एजंटाकडे गेलेला माणूस परत पाठवला जातो. त्यामुळे अर्ज भरण्याआधी मागणाऱ्याला कोणत्या कार्यालयाचा कागद हवा आहे, हे लेखी विचारून घेणे हेच पहिले काम.

अर्ज. पासपोर्ट कार्यालयाच्या दाखल्यासाठी passportindia.gov.in या संकेतस्थळावर खाते उघडून अर्ज भरावा लागतो. शुल्क 500 रुपये आहे. रत्नागिरी जिल्हा मुंबई प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या कक्षेत येतो. 28 सप्टेंबर 2022 पासून देशभरातील टपाल कार्यालयांतल्या पासपोर्ट सेवा केंद्रांवरही या दाखल्याची सोय झाली. कोकणातल्या माणसाचा मुंबईचा फेरा त्यामुळे वाचू शकतो. मूळ पासपोर्ट, त्याच्या पहिल्या व शेवटच्या पानांच्या स्वसाक्षांकित प्रती, राहत्या पत्त्याचा पुरावा आणि नोकरीचा करार किंवा व्हिसाचा कागद सोबत न्यावा. पासपोर्ट काढताना झालेली पडताळणी ताजी असेल आणि पत्ता तोच असेल, तर दाखला लवकर निघतो. नाहीतर प्रकरण राहत्या पत्त्याच्या पोलीस ठाण्याकडे जाते. मुंबईला राहून गावच्या पत्त्यावर अर्ज करणारा चाकरमानी येथेच अडतो, कारण पडताळणीला पोलीस घरी येतात तेव्हा दाराला कुलूप असते आणि 'अर्जदार पत्त्यावर राहत नाही' असा अहवाल जातो. असा अहवाल गुन्ह्याचा नसला तरी दाखला तितकाच थांबवतो.

राज्य पोलिसांच्या प्रमाणपत्रासाठी pcs.mahaonline.gov.in वर अर्ज करतात. ओळख, पत्ता व वयाचे पुरावे आणि शक्यतो मागणाऱ्या कंपनीचे पत्र जोडतात. अर्ज संबंधित ठाण्यातून तपासून पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे येतो.

ठाण्यात काय पाहतात. दोन्ही मार्गांत पोलीस आपली गुन्हे नोंदवही आणि सीसीटीएनएस ही संगणकीय नोंदप्रणाली पाहतात. एकाच वाडीत एकच आडनाव, एकच नाव आणि कधीकधी वडिलांचेही तेच नाव, हे कोकणात नवे नाही. त्यामुळे दुसऱ्याची नोंद आपल्या नावाला चिकटल्याचा संशय आल्यास जन्मतारीख आणि गुन्ह्यातल्या आरोपीचे वय ताडून पाहण्याची लेखी विनंती करावी.

प्रलंबित प्रकरण. 'केस आहे' या दोन शब्दांत पाच-सहा वेगवेगळ्या अवस्था दडलेल्या असतात, आणि दाखल्यावर प्रत्येकीचा परिणाम वेगळा होतो. अदखलपात्र नोंद, म्हणजे ठाण्यातली 'एन.सी.', ही खटला नव्हे. न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तिचा तपासही होत नाही. गुन्हा दाखल झाला म्हणजे त्याला गु.र.नं. मिळतो. दोषारोपपत्र न्यायालयात गेले आणि न्यायालयाने त्याची दखल घेतली की आर.सी.सी. किंवा एस.सी.सी. क्रमांक पडतो. कायद्याच्या दृष्टीने 'फौजदारी न्यायालयात कार्यवाही प्रलंबित' ही स्थिती इथून सुरू होते.

हा फरक पासपोर्ट कायदा, 1967 च्या कलम 6(2)(फ) मुळे महत्त्वाचा ठरतो. भारतातील फौजदारी न्यायालयात कार्यवाही प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो, असे ते कलम सांगते. नुसता प्राथमिक खबरी अहवाल किंवा तपासावर असलेले प्रकरण त्यात मोडत नाही, हे परराष्ट्र मंत्रालयाने 10 ऑक्टोबर 2019 च्या ज्ञापनात स्पष्ट केले. मात्र हे कलम पासपोर्टविषयी आहे, पोलीस क्लिअरन्सविषयी नाही. त्यामुळे पासपोर्ट हातात आणि वैध असूनही दाखला अडू शकतो. प्रलंबित खटल्यापायी दाखला सरसकट नाकारणे उपजीविकेच्या हक्काला बाधक ठरते, अशी भूमिका दिल्ली उच्च न्यायालयाने 2025 मध्ये घेतली. खटल्याची माहिती दाखल्यात नमूद करून तो द्यावा, हा त्यातला मार्ग प्रस्तुत नोंदकारास योग्य वाटतो. खटला खरा आहे हे त्यातून लपत नाही, आणि व्हिसा द्यायचा की नाही हा निर्णय ज्याचा आहे त्या देशाकडेच राहतो. महाराष्ट्रात दिल्लीचा निकाल बंधनकारक नाही, पण युक्तिवादात त्याचा आधार घेता येतो.

एक नमुना प्रकरण. राजापूर तालुक्यातील सामाईक जमिनीच्या गडग्यावरून दोन घरांत 2021 मध्ये मारामारी झाली असे समजू. काठीने दुखापत झाली, म्हणून गुन्हा भारतीय दंड संहितेच्या कलम 324, 504, 506 व 34 खाली नोंदला गेला. पुढे राजापूरच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी न्यायालयात दोषारोपपत्र दाखल झाले. 1 जुलै 2024 ला भारतीय न्याय संहिता आली, तरी आधी घडलेल्या गुन्ह्याला जुनीच कलमे राहतात. आता त्यातल्या एका आरोपीला कुवेतची नोकरी मिळाली आहे.

दोन्ही घरे एव्हाना बोलू लागली आहेत, म्हणून गावात तडजोडीचा कागद करून तो ठाण्यात द्यावा, असे त्याला सुचवले जाते. त्याने काही साधत नाही. साधी दुखापत (323), अपमान (504) आणि धमकी (506) ही कलमे फिर्यादी न्यायालयात मिटवू शकतो आणि त्याचा परिणाम निर्दोष सुटकेसारखा होतो. पण 324 हे कलम आता आपसात मिटण्याजोगे राहिलेले नाही. ते रद्द व्हायचे तर उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो आणि फिर्यादीचे संमतीचे शपथपत्र लागते. 18 ऑगस्ट 2025 पासून रत्नागिरीसाठी हे काम मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे आहे. राजापूरच्या पक्षकाराला त्यामुळे मुंबईऐवजी घाट चढून कोल्हापूर गाठता येते.

तेवढा वेळ नसेल तर चालू खटल्यातच परदेशगमनाच्या परवानगीचा अर्ज करतात. अर्जात नोकरीचा करार, कालावधी, परदेशातला पत्ता, तारखेला वकील हजर राहील याची हमी आणि गरज पडल्यास परत येण्याची तयारी लिहावी लागते. आदेश मागताना 'परवानगी देण्यात येते' एवढ्यावर थांबू नये, किती वर्षांसाठी हे त्यात लिहून घ्यावे. कारण 25 ऑगस्ट 1993 च्या अधिसूचनेप्रमाणे (सा.का.नि. 570) न्यायालयाने मुदत दिली नसेल तर अशा माणसाला पासपोर्ट एका वर्षापुरताच मिळतो. दोन वर्षांचा करार घेऊन निघालेल्याचा पासपोर्ट मग मध्येच संपतो. आदेशाची प्रमाणित प्रत क्लिअरन्सच्या अर्जाला जोडून पासपोर्ट कार्यालयाकडे निर्णय मागावा, आणि नकार आलाच तर तो लेखी घ्यावा. तोंडी नकारावर उच्च न्यायालयात दाद मागणे कठीण जाते.

संपलेली पण न संपलेली प्रकरणे. वकिलांच्या अनुभवात सर्वांत जास्त अडचण इथे येते. पोलिसांनी 'ब' समरी (खोटी फिर्याद) किंवा 'क' समरी (गैरसमज, दिवाणी स्वरूप) मागितली, तरी न्यायदंडाधिकाऱ्याने ती मंजूर करेपर्यंत प्रकरण तपासावरच असते. निर्दोष सुटका झाली आणि निकालाची नोंद ठाण्याच्या दप्तरात चढली नाही, तर सीसीटीएनएसवर जुनी अवस्था दिसत राहते. अर्ज करण्यापूर्वी ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर सोळा अक्षरी सीएनआर क्रमांकाने प्रकरणाची अवस्था पाहावी, निकालाची प्रमाणित प्रत काढावी आणि ती ठाण्यात पोच घेऊन द्यावी. पोच घेतलेली ती प्रत पडताळणीला आलेल्या अंमलदारासमोर ठेवली की बहुधा शंका उरत नाही.

आंदोलनातील गुन्हे. जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाविरोधात 2010-11 मध्ये आणि बारसू-सोलगाव परिसरातील रिफायनरीविरोधात 2023 मध्ये ग्रामस्थांवर गुन्हे दाखल झाले. जमावबंदी मोडल्याच्या गुन्ह्यातील नाव मारामारीच्या गुन्ह्यातील नावासारखेच पडताळणीत वर येते. राजकीय-सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घेण्याचे निर्णय सरकार वेळोवेळी जाहीर करते. परंतु सरकारी अभियोक्त्याने अर्ज करून न्यायालयाची संमती मिळवल्याखेरीज खटला संपत नाही. वर्तमानपत्रातल्या घोषणेचे कात्रण दाखल्याच्या अर्जाला जोडून काही उपयोग नाही. न्यायालयाचा आदेशच लागतो.

शासकीय नोकरी. येथे दाखल्यापेक्षा साक्षांकन नमुन्यातील उत्तराला जास्त वजन आहे. सर्वोच्च न्यायालयाने 'अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार' या 2016 च्या निकालात सांगितले की, क्षुल्लक स्वरूपाचे प्रलंबित प्रकरण उमेदवाराने खरेपणाने सांगितले असेल तर, त्या प्रकरणाच्या निकालाच्या अधीन राहून, नियुक्तीचा विचार करता येतो. अनेक प्रलंबित प्रकरणे जाणूनबुजून लपवणे हे मात्र स्वतःच गंभीर धरले जाते. गडग्याच्या भांडणाने नोकरी जाण्याची शक्यता कमी, पण 'गुन्हा दाखल आहे काय' या रकान्यात 'नाही' लिहिल्याने ती जाऊ शकते. पासपोर्टच्या अर्जातही जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा कायद्याच्या कलम 12 खाली स्वतंत्र गुन्हा असून त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

देशोदेशीच्या अटी. या बदलत राहतात. संयुक्त अरब अमिरातीने फेब्रुवारी 2018 मध्ये लावलेली अट एप्रिलमध्ये स्थगित केली. सौदी अरेबियाने नोव्हेंबर 2022 मध्ये भारतीयांना दाखल्यातून सूट दिली. कुवेत ॲपोस्टिल करारात नसल्याने तेथे जाणारा दाखला परराष्ट्र मंत्रालय व नंतर दूतावास यांच्याकडून साक्षांकित करून घ्यावा लागतो. दाखला किती दिवस ग्राह्य हे तो मागणारा देश ठरवतो.