इनपुट-आउटपुट यादी व टॅग नामपद्धती

इनपुट-आउटपुट यादी हा स्वयंचलित नियंत्रण प्रकल्पाच्या प्रारंभी तयार होणारा मूलभूत दस्तऐवज होय. कारखान्यातील यंत्रे व मोजमापाची उपकरणे यांच्याकडून नियंत्रकाकडे (पीएलसी किंवा डीसीएसकडे) येणारे, तसेच नियंत्रकाकडून त्यांच्याकडे जाणारे सर्व संकेत या यादीत एकेका ओळीने नोंदवलेले असतात. प्रत्येक संकेताला दिलेल्या एकमेव ओळखनावास टॅग म्हणतात आणि ही नावे ज्या नियमांनी ठरतात त्यांस टॅग नामपद्धती म्हणतात. पॅनेलची रचना, केबलची मोजणी, नियंत्रणाचा प्रोग्रॅम, संगणकाच्या पडद्यावरील चित्रे आणि अखेरची चाचणी ही सर्व कामे या यादीवरून होतात. त्यामुळे यादीतील एक चूक या प्रत्येक ठिकाणी उतरते.

== साखर उद्योगातील संदर्भ ==

पुण्यालगतच्या मांजरी बुद्रुक येथे साखर उद्योगातील संशोधन व प्रशिक्षण यांसाठी वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट ही संस्था आहे. ऊस उत्पादकांनी १९७५ साली ती डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट या नावाने स्थापन केली. वसंतदादा पाटील यांच्या निधनानंतर १९८९ साली तिला त्यांचे नाव देण्यात आले. महाराष्ट्रातील साखर कारखाने साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत चालतात. नवी नियंत्रण प्रणाली बसवण्याचे काम मधल्या बंद काळातच उरकावे लागते. तोडलेल्या उसातील साखर दर दिवसागणिक घटत असल्याने हंगाम सुरू झाल्यावर वायरिंग उलगडून चूक शोधण्यास सवड नसते. म्हणून या उद्योगात यादी अचूक असण्याचे मोल अधिक जाणवते. पुढील विवेचनात रस शुद्धीकरण विभागाचा एक लहान भाग नमुन्यादाखल घेतला आहे.

== यादी तयार करण्याची रीत ==

यादीचा आधार म्हणजे पी अँड आय डी आकृती. नळ, टाक्या, पंप, झडपा व मोजमापाची उपकरणे यांची जोडणी या आकृतीत दाखवलेली असते. तिच्यावरून रसाच्या प्रवाहाच्या दिशेने पुढे सरकत प्रत्येक उपकरण टिपले जाते. मोटरींचे संकेत मात्र या आकृतीत पूर्णपणे दिसत नाहीत. ते विद्युत विभागाच्या मोटर यादीवरून घ्यावे लागतात आणि सर्वाधिक संकेत सुटतात ते येथेच.

संकेतांचे चार प्रकार असतात. तापमान, प्रवाह यांसारखी सतत बदलणारी राशी कळवणारा तो अनालॉग इनपुट; झडप किती उघडावी किंवा पंपाचा वेग किती ठेवावा हे सांगणारा तो अनालॉग आउटपुट; चालू-बंद स्थिती कळवणारा तो डिजिटल इनपुट; आणि चालू-बंद करण्याची आज्ञा देणारा तो डिजिटल आउटपुट.

नमुन्याच्या भागात कच्च्या रसाची टाकी, रस पुढे ढकलणारे दोन पंप (एक चालू, एक राखीव), वाफेवर चालणारा पहिला रस-तापक आणि चुन्याची निवळी सोडणारा एक बदलत्या वेगाचा पंप आहे. येथे चार राशी मोजल्या जातात: रसाचा प्रवाह, सामू, तापकानंतरचे तापमान आणि टाकीतील पातळी. म्हणून अनालॉग इनपुट चार झाले. वाफेची नियंत्रक झडप व चुना-पंपाचा वेग मिळून अनालॉग आउटपुट दोन. तिन्ही मोटरींकडून प्रत्येकी 'चालू आहे', 'ट्रिप' व 'रिमोटवर आहे' असे तीन संकेत येतात, म्हणजे नऊ. वाफ पूर्ण बंद करणाऱ्या झडपेचे 'उघडी' व 'बंद' असे दोन आणि टाकी भरून वाहण्याआधी सावध करणाऱ्या पातळी-स्विचचा एक धरून डिजिटल इनपुट बारा होतात. तीन मोटरी व एक झडप यांना आज्ञा देणारे डिजिटल आउटपुट चार. एकूण संकेत बावीस.

यानंतर राखीव जागा धरली जाते. पुढील बदलांसाठी २० टक्के चॅनेल मोकळे ठेवण्याची अट अनेक निविदांत असते. ही टक्केवारी एकूण बेरजेवर न काढता प्रत्येक प्रकारावर स्वतंत्रपणे काढावी लागते, कारण डिजिटल कार्डावरील मोकळ्या जागेत तापमानाचा अनालॉग संकेत जोडता येत नाही. बारा डिजिटल इनपुटना १४.४, म्हणजे १६ चॅनेलचे कार्ड लागते. चार अनालॉग इनपुटना ४.८, म्हणजे ४ चॅनेलचे कार्ड अपुरे ठरून ८ चॅनेलचे घ्यावे लागते.

== यादीतील रकाने ==

टॅग, वर्णन व प्रकार यांखेरीज तीन रकाने विशेष काळजीने भरावे लागतात.

पहिला रकाना मोजमापाच्या मर्यादेचा. तापमानाचा ट्रान्समीटर ०–१५० अंश सेल्सिअससाठी बसवला असेल, तर ४ मिलिअँपिअर म्हणजे ० अंश, १२ म्हणजे ७५ अंश आणि २० म्हणजे १५० अंश. यादीत चुकून ०–२०० लिहिले गेले, तर प्रोग्रॅम १२ मिलिअँपिअरला १०० अंश समजेल. नियंत्रकाला रस ७० अंशांवर ठेवण्यास सांगितले असता पडद्यावर ७० दिसतील, पण रसाचे खरे तापमान ५२.५ अंश असेल. नियंत्रण स्थिर व सुरळीत दिसत असल्यामुळे ही चूक लवकर लक्षात येत नाही.

दुसरा रकाना संकेताच्या विद्युत पुरवठ्याचा. दोन तारांचा ट्रान्समीटर नियंत्रकाच्या कार्डाकडून वीज घेतो. विद्युतचुंबकीय प्रवाहमापकाला सहसा स्वतःचा वेगळा पुरवठा असतो व तो संकेताचा प्रवाह स्वतःच पुरवतो. ही नोंद नसल्यास दोन्ही बाजूंनी वीज दिली जाते किंवा कोणत्याच बाजूने दिली जात नाही.

तिसरा रकाना डिजिटल संकेताच्या अर्थाचा. केवळ 'ट्रिप' असे लिहिणे पुरेसे नसते. १ म्हणजे काय व ० म्हणजे काय हे स्पष्ट लिहावे लागते. संरक्षक संकेत बहुधा असे जोडतात की सर्व ठीक असताना १ मिळावा आणि बिघाड झाल्यास ० मिळावा. त्यामुळे तार तुटली तरी नियंत्रकाला बिघाडच दिसतो व यंत्र सुरक्षितपणे थांबते.

== टॅग नामपद्धती ==

टॅगची अक्षरे बहुधा अमेरिकेतील आयसा या संस्थेच्या ५.१ क्रमांकाच्या मानकानुसार घेतात. पहिले अक्षर मोजली जाणारी राशी सांगते: T तापमान, F प्रवाह, L पातळी, P दाब, A विश्लेषण (सामू यात मोडतो). पुढील अक्षरे उपकरणाचे कार्य सांगतात: T ट्रान्समीटर, I दर्शक, C नियंत्रक, V झडप, S स्विच, H उच्च. म्हणून `LSHH` म्हणजे अतिउच्च पातळीचा स्विच.

अक्षरांनंतर क्रमांक येतो. नमुन्यात पहिला अंक विभागाचा (२ म्हणजे रस शुद्धीकरण), दुसरा उपविभागाचा आणि शेवटचे दोन अनुक्रमाचे आहेत. एकाच नियंत्रण-साखळीतील उपकरणांचा क्रमांक सारखा ठेवतात. `TT-2103` तापमान मोजतो, `TIC-2103` निर्णय घेतो व `TV-2103` वाफ कमी-जास्त करते. क्रमांक पाहताच तिघांचे नाते कळते. पंपांना यंत्र म्हणून वेगळे क्रमांक असतात आणि त्यांच्या संकेतांना प्रत्यय जोडतात.

```
TAG          TYPE  RANGE / STATE      ADDRESS
TT_2103      AI    0-150 degC         R1-S4-C03
TV_2103      AO    0-100 %            R1-S6-C01
P_2108A_RUN  DI    1=running          R1-S2-C04
P_2108A_TRP  DI    0=trip, 1=healthy  R1-S2-C05
```

आकृतीत आडवी रेघ (`TT-2103`) असताना येथे अधोरेषा (`TT_2103`) का, असा प्रश्न पडतो. पीएलसीच्या प्रोग्रॅमिंग भाषांसाठी असलेल्या आयईसी ६११३१-३ या मानकानुसार चलाच्या नावात अक्षरे, अंक व अधोरेषा एवढेच चालतात आणि नावाचा प्रारंभ अंकाने होत नाही. आडव्या रेघेचा अर्थ तेथे वजाबाकी असा होतो. म्हणून आकृतीतील नाव प्रोग्रॅममध्ये कसे लिहायचे याचा एकच नियम प्रारंभीच ठरवतात. तो न ठरवल्यास एक प्रोग्रॅमर रेघ गाळतो, दुसरा अधोरेषा घालतो आणि एकाच उपकरणाची दोन नावे तयार होतात.

== टॅग व पत्ता यांतील भेद ==

नामपद्धतीतील सर्वांत महत्त्वाचे तत्त्व असे की टॅग उपकरणाचे कारखान्यातील काम सांगतो, नियंत्रकातील त्याची जागा सांगत नाही. जागेसाठी पत्त्याचा वेगळा रकाना असतो. नमुन्यातील `R1-S4-C03` म्हणजे पहिल्या रॅकमधील चौथ्या कार्डाचे तिसरे चॅनेल.

काही ठिकाणी सोयीसाठी पत्ताच टॅगमध्ये गुंफतात, उदाहरणार्थ `TT_S4C03`. प्रारंभी तंत्रज्ञाला ते सोपे वाटते. पुढे हंगामात ते चॅनेल जळते व संकेत त्याच कार्डाच्या सातव्या चॅनेलवर हलवावा लागतो. आता नाव बदलायचे झाल्यास प्रोग्रॅम, पडद्यावरील चित्र, धोक्याच्या सूचनांची यादी, जुन्या नोंदी आणि तारेवरचा फेरूल हे सर्व बदलावे लागते. न बदलल्यास नाव खोटे ठरते व पुढच्या पाळीतील माणूस रिकाम्या चॅनेलवर तापमान शोधत बसतो. टॅग पत्त्यापासून मुक्त असेल, तर यादीतील एक रकाना, प्रोग्रॅममधील एक जोडणी आणि वायरिंग-नकाशातील एक नोंद बदलून भागते. याच कारणाने, काढून टाकलेल्या उपकरणाचा क्रमांक नव्या उपकरणाला देत नाहीत. तसे केल्यास जुन्या हंगामाच्या आलेखात दोन भिन्न राशी एकाच नावाखाली मिसळतात.

== पडताळणी ==

यादी प्रथम कागदावर तपासतात. पुनरुक्त टॅग व पुनरुक्त पत्ते शोधतात आणि आकृतीतील प्रत्येक उपकरण यादीत, तसेच यादीतील प्रत्येक उपकरण आकृतीत आहे काय ते पाहतात. प्रत्येक मोटरीचे संकेत सारख्याच संख्येने आले आहेत का, हेही मोजतात. एखाद्या पंपाला तीनऐवजी दोनच इनपुट असतील, तर बहुधा एक सुटलेला असतो.

जागेवरील तपासणीस लूप चेक म्हणतात. अनालॉग संकेतासाठी ट्रान्समीटरच्या जागी ४, १२ व २० मिलिअँपिअर देऊन पडद्यावरील आकडे वाचतात. केवळ ४ मिलिअँपिअरवर तपासल्यास मर्यादेची चूक सापडत नाही, कारण ०–१५० व ०–२०० या दोन्हींत तेथे शून्यच दिसते. पडद्यावरील आकडे यादीशी जुळले तरी यादीच चुकीची असू शकते. म्हणून त्यांची तुलना ट्रान्समीटरमध्ये प्रत्यक्ष ठेवलेल्या मर्यादेशी करतात. डिजिटल इनपुटसाठी ट्रिपची तार सोडवून पडद्यावर बिघाड दिसतो का ते पाहतात.

== मर्यादा ==

क्रमांकाची लांबी ठरवताना भावी विस्तार पाहावा लागतो. विभागाला एकच अंक दिल्यास १ ते ९ असे नऊच विभाग मावतात. गाळप, शुद्धीकरण, बाष्पीभवन, पॅन, सेंट्रिफ्युगल, बॉयलर, वीजनिर्मिती व जलशुद्धीकरण हे आठ झाल्यावर आसवनी आणि सांडपाणी प्रकल्प या दोन्हींना जागा उरत नाही. दुसरीकडे, फार लांब टॅग पडद्यावर कापले जातात, फेरूलवर मावत नाहीत आणि फोनवरून सांगताना चुकतात.

जुन्या कारखान्यात नवी प्रणाली बसवताना कामगारांच्या तोंडी असलेली जुनी नावेही विचारात घ्यावी लागतात. ती टॅगमध्ये न घालता वर्णनाच्या रकान्यात लिहितात. त्यामुळे पाळीवरील माणसाला परिचित नावाने उपकरण सापडते आणि टॅगचा नियमही मोडत नाही. यादीची प्रत्येक सुधारित आवृत्ती क्रमांक व दिनांक घालून ठेवतात. प्रकल्प पूर्ण झाल्यावर जागेवरील प्रत्यक्ष स्थितीनुसार सुधारलेली अखेरची आवृत्ती कारखान्याकडे सुपूर्द केली जाते.