शेअर विकून नफा झाला, कर किती? बारा महिन्यांचा नियम आणि जपून ठेवायचे कागद

पैठण : तालुक्यात आता मोबाईलवरून डिमॅट खातं उघडून शेअर घेणारे गावोगाव भेटतात. मोसंबी-कापसाचे पैसे हातात आले की थोडे शेअरमध्ये टाकणारे शेतकरी आहेत, तसेच पगारातून दरमहा एसआयपी भरणारे शिक्षक आणि एमआयडीसीतले कामगारही आहेत. शेअर विकल्यावर पैसे थेट बँकेत जमा होतात आणि त्यातून कर कापला जात नाही. त्यामुळे अनेकांना वाटतं की कर लागतच नाही. प्रत्यक्षात विक्रीची नोंद पॅन नंबरवर आयकर विभागाकडे गेलेली असते. २०२५-२६ या आर्थिक वर्षात शेअर किंवा इक्विटी म्युच्युअल फंड विकले असतील, तर हा हिशोब समजून घ्या.

बारा महिन्यांची रेघ

बाजारात नोंदणी असलेला शेअर किंवा इक्विटी फंडाचे युनिट घेऊन बारा महिन्यांच्या आत विकले, तर तो शॉर्ट टर्म नफा. त्यावर २० टक्के कर लागतो. बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवून विकले, तर तो लाँग टर्म नफा. वर्षभरातल्या लाँग टर्म नफ्यातले पहिले १ लाख २५ हजार रुपये करातून सुटतात आणि त्यावरच्या रकमेवर साडेबारा टक्के कर लागतो. कराच्या रकमेवर आणखी ४ टक्के सेस असतो.

हे दर २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पापासून लागू आहेत. त्याआधी शॉर्ट टर्मला १५ टक्के, लाँग टर्मला १० टक्के आणि सूट १ लाखाची होती. मोबाईलवर फिरणाऱ्या जुन्या व्हिडिओत अजून तेच आकडे सांगितले जातात, त्यावर हिशोब करू नका.

एसआयपीचा प्रत्येक हप्ता ही वेगळी खरेदी धरतात. तीन वर्षांपासून एसआयपी चालू असली तरी शेवटच्या बारा हप्त्यांचे युनिट शॉर्ट टर्ममध्येच येतात.

जो आधी आला, तो आधी गेला

एकाच कंपनीचे शेअर दोन-तीन वेळा घेतले असतील तर कोणते विकले, हे आपण ठरवायचं नसतं. डिमॅट खात्यात जे आधी आले, तेच आधी विकले असं कायदा धरतो. याचा कराच्या हिशोबावर मोठा परिणाम होतो. एक उदाहरण पाहू.

समजा, बिडकीनच्या एका शिक्षकांनी जून २०२४ मध्ये एका कंपनीचे ५०० शेअर २२० रुपयांनी घेतले. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच कंपनीचे आणखी ६०० शेअर ४५० रुपयांनी घेतले. २० डिसेंबर २०२५ रोजी भाव ५५० असताना त्यांनी ९०० शेअर विकले.

या ९०० मध्ये आधीचे ५०० पूर्ण आले. त्यांना बारा महिने उलटून गेले होते. प्रत्येक शेअरमागे ३३० रुपये, म्हणजे १ लाख ६५ हजार रुपये लाँग टर्म नफा झाला. उरलेले ४०० शेअर दुसऱ्या खरेदीतले. त्यावर प्रत्येकी १०० रुपये, म्हणजे ४० हजार रुपये शॉर्ट टर्म नफा झाला. दुसऱ्या खरेदीतले २०० शेअर खात्यात शिल्लक राहिले.

आता कर पाहू. लाँग टर्मच्या १ लाख ६५ हजारातून १ लाख २५ हजार वजा केले की ४० हजार उरतात. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे ५ हजार रुपये. शॉर्ट टर्मच्या ४० हजारावर २० टक्के म्हणजे ८ हजार. बेरीज १३ हजार आणि ४ टक्के सेस ५२० रुपये. एकूण कर १३ हजार ५२० रुपये. ब्रोकरेज नफ्यातून वजा करता येतं, मात्र एसटीटी वजा होत नाही. सोपं जावं म्हणून इथे ब्रोकरेज धरलेलं नाही.

'बारा लाखांपर्यंत कर नाही' हे इथे चालत नाही

या शिक्षकांचा वर्षाचा पगार ७ लाख रुपये आहे असं धरा. नव्या करप्रणालीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन ६ लाख २५ हजार उरतात. त्यावरचा ११ हजार २५० रुपये कर सवलतीमुळे माफ होतो. बारा लाखांपर्यंत कर नाही म्हणतात, ती हीच सवलत. पण शेअरच्या या नफ्यावरचा कर वेगळ्या दराने लागतो आणि त्याला ही सवलत मिळत नाही. म्हणून पगारावर शून्य कर असूनही शिक्षकांना १३ हजार ५२० रुपये भरावेच लागतात.

त्यांच्याच शेजारच्या शेतकऱ्याने अगदी हीच खरेदी-विक्री केली, तर? शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे. दुसरं कसलंही उत्पन्न नसेल तर त्याचं करपात्र उत्पन्न फक्त २ लाख ५ हजार रुपये होतं. नव्या प्रणालीत मूळ करमुक्त मर्यादा ४ लाखांची आहे. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला या मर्यादेतला न वापरलेला भाग शेअरच्या नफ्यासाठी वापरता येतो. म्हणून त्याचा कर शून्य. नफा तोच, बाकीचं उत्पन्न वेगळं, म्हणून कर वेगळा.

मात्र शेती सोडून इतर उत्पन्न ४ लाखांच्या वर गेलं, तर रिटर्न भरावं लागतं आणि कराचा दर काढताना शेतीचं उत्पन्नही हिशोबात येतं. त्यामुळे सातबारा आणि माल विकल्याच्या पट्ट्या शेअरच्या कागदांबरोबरच ठेवाव्यात. शेअरमध्ये टाकलेले पैसे कुठून आले, हे विचारलं तर याच पट्ट्या कामी येतात.

घरच्यांच्या नावावर खातं उघडणाऱ्यांनीही काळजी घ्यावी. नवऱ्याने बायकोला पैसे दिले आणि त्यातून तिच्या नावावर शेअर घेतले, तर त्या पैशावरचा नफा नवऱ्याच्याच उत्पन्नात धरला जातो.

तोटा झाला तरी रिटर्न भरा

शॉर्ट टर्मचा तोटा दोन्ही प्रकारच्या नफ्यातून वजा होतो. लाँग टर्मचा तोटा फक्त लाँग टर्म नफ्यातून. वरच्या शिक्षकांना त्याच वर्षी दुसऱ्या शेअरमध्ये ६० हजारांचा शॉर्ट टर्म तोटा झाला असता, तर ४० हजारांचा शॉर्ट टर्म नफा पूर्ण पुसला गेला असता. उरलेले २० हजार लाँग टर्ममधून गेले असते. मग करपात्र लाँग टर्म नफा फक्त २० हजार आणि सेससह कर २ हजार ६०० रुपये.

वर्षात वजा न झालेला तोटा पुढची आठ वर्षं नेता येतो, पण अट एकच. रिटर्न मुदतीत भरलेलं हवं. उशिरा भरलं की हा तोटा पुढे नेण्याचा हक्क जातो. उत्पन्न मर्यादेच्या आत आहे म्हणून रिटर्न न भरणारे इथेच फसतात.

ज्या दिवशी घेतले त्याच दिवशी विकले, म्हणजे इंट्राडे, तर त्याला बारा महिन्यांचा नियम लागत नाही. तो सट्ट्याचा व्यवसाय धरला जातो आणि त्याचा तोटा सट्ट्याच्याच नफ्यातून, चार वर्षांपर्यंत वजा होतो. फ्युचर-ऑप्शन हाही व्यवसायच, पण त्याचा तोटा आठ वर्षं नेता येतो. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अहवालानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शन करणाऱ्या १०० पैकी ९३ जणांना तोटा झाला. हे व्यवहार केले असतील तर आयटीआर-३ लागतो. तो सीएकडूनच भरून घेतलेला बरा.

कोणते कागद ठेवायचे

१. कॉन्ट्रॅक्ट नोट. प्रत्येक व्यवहाराच्या दिवशी ब्रोकरकडून ईमेलवर येते. तारीख, भाव आणि ब्रोकरेज यात असतं. बारा महिने मोजताना हीच तारीख कामाची. वेगळा फोल्डर करून ठेवा.

२. वर्षाचा टॅक्स पी अँड एल अहवाल. ब्रोकरच्या ॲपमध्ये मिळतो. शॉर्ट टर्म, लाँग टर्म, इंट्राडे वेगवेगळे दाखवलेले असतात. १ एप्रिल ते ३१ मार्च असा कालावधी निवडा.

३. म्युच्युअल फंडाचं कॅपिटल गेन स्टेटमेंट आणि डिमॅटचं एकत्रित स्टेटमेंट.

४. बँक पासबुक किंवा स्टेटमेंट. ब्रोकरला गेलेले आणि आलेले पैसे त्यात जुळले पाहिजेत.

५. बोनस, स्प्लिट, आयपीओ मिळाल्याचे ईमेल. वारसाने शेअर आले असतील तर वडिलांनी कधी आणि कितीला घेतले त्याचा पुरावा, कारण त्यांची किंमत आणि त्यांचा काळच धरला जातो.

खरेदीचा पुरावा शेअर विकेपर्यंत सांभाळावाच लागतो. तोटा पुढे नेला असेल तर तो पूर्ण वजा होईपर्यंत त्या वर्षाचे कागद टाकू नका.

रिटर्न भरण्याआधी एआयएस उघडा

incometax.gov.in वर लॉगिन करून AIS उघडलं की वर्षातल्या विक्रीची आणि लाभांशाची नोंद दिसते. ती ब्रोकरच्या अहवालाशी ताडून पाहा. विक्रीची रक्कम बहुतेक जुळते, पण खरेदीची किंमत कधी चुकीची किंवा शून्य दिसते. विशेषतः शेअर एका डिमॅटमधून दुसऱ्यात हलवले असतील तेव्हा. तशीच नोंद घेतली तर पूर्ण विक्रीवर कर बसतो. नोंद चुकली असेल तर तिथेच फीडबॅक देता येतो. लाभांश हा वेगळ्या उत्पन्नात, आपल्या स्लॅबने मोजायचा.

शॉर्ट टर्म नफा असेल तर आयटीआर-२ भरावा लागतो. लाँग टर्म नफा १ लाख २५ हजारांच्या आत असेल, शॉर्ट टर्म काही नसेल आणि पुढे न्यायचा तोटाही नसेल, तर पगारदाराला आयटीआर-१ चालतो. शेतीचं उत्पन्न ५ हजारांपेक्षा जास्त असेल तर मात्र आयटीआर-१ चालत नाही.

तारखा

वर्षाचा देय कर १० हजार किंवा जास्त होत असेल तर तो आगाऊ भरायचा असतो. डिसेंबरमधल्या विक्रीवरचा कर १५ मार्चपर्यंत भरला तर व्याज वाचतं. २०२५-२६ चं आयटीआर-१ आणि आयटीआर-२ भरण्याची मुदत ३१ जुलै २०२६. त्यानंतर ३१ डिसेंबरपर्यंत विलंब शुल्कासह भरता येतं. उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क १ हजार, त्यावर ५ हजार. रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत आधार ओटीपीने पडताळणी केली नाही, तर ते भरलेलं धरलं जात नाही.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला असला, तरी २०२५-२६ च्या उत्पन्नाचा हिशोब जुन्या १९६१ च्या कायद्यानेच होतो.