ऑनलाइन खरेदीत पत्त्याचा फॉर्म कसा असावा?

‘सदाशिव पेठ, चिमण्या गणपतीमागचा बोळ, डेअरीच्या वर’ हा पुण्यातला पत्ता डिलिव्हरीवाल्याला लगेच कळतो. फॉर्मला मात्र रस्त्याचे नाव हवे असते, ते भरल्याशिवाय तो पुढे जात नाही. मग ग्राहक तिथे काहीतरी टाकून मोकळा होतो आणि पार्सल भटकते.

म्हणून भारतासाठी घर किंवा इमारत, गल्ली किंवा भाग आणि ‘जवळची खूण’ असे वेगळे रकाने ठेवावेत. खूण सक्तीची नसावी, पण ती पार्सलच्या लेबलवर छापली गेली पाहिजे. अनेकदा ती नेमकी तिथेच गळते.

पिनकोड आधी विचारला, तर जिल्हा आणि राज्य आपोआप भरता येते. गाव मात्र ग्राहकालाच निवडू द्यावे, कारण एकाच पिनकोडखाली अनेक गावे येतात.

या सगळ्याच्या आधी देश विचारावा, कारण पुढचे नियम त्यावरच ठरतात. सहा अंकांची सक्ती फक्त भारतापुरती ठेवावी. लंडनच्या पोस्टकोडमध्ये अक्षरेही असतात. दुबईत पोस्टकोडच नाही, त्यामुळे तिथला ग्राहक ‘000000’ लिहून सुटका करून घेतो. अमेरिकेतल्या केंब्रिजचा 02139 हा कोड संख्या म्हणून साठवला, तर सुरुवातीचे शून्य उडून 2139 उरते. कोड नेहमी मजकूर म्हणूनच साठवावा:

```html
<input type="text" name="postcode"
       autocomplete="postal-code">
```