गाडी धावण्याआधीचं व्याज

रेल्वेमार्ग बांधायला वर्षं लागायची आणि गाडी धावेपर्यंत कमाई शून्य. तोवर भागधारकांनी थांबायचं कशाच्या जोरावर? भांडवलातून लाभांश वाटायला कायद्याची आडकाठी होती. 1895च्या इंडियन रेल्वे कंपनीज अॅक्टने त्यातून वाट काढली: ठरावीक अटींवर, बांधकाम चालू असताना, भागधारकांना भांडवलातूनच व्याज देता येऊ लागलं. 1956च्या कंपनी कायद्याच्या कलम 208नेही असं व्याज बांधकामाच्या खर्चाचाच भाग म्हणून भांडवली खात्यात दाखवायची मुभा दिली.

कर्जावरच्या व्याजाचा निकाल लागला तो 1974मध्ये, चल्लापल्ली शुगर्सच्या खटल्यात. उत्पादन सुरू होण्यापूर्वी यंत्रसामग्रीच्या कर्जावर भरलेलं व्याज हा त्या यंत्रांच्या किमतीचाच भाग, असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. त्यामुळे त्यावर घसाराही मिळू लागला.

बँकेच्या टेबलावर या व्याजाला ‘आयडीसी’ म्हणतात. समजा, एक व्यापारी जिनिंग-प्रेसिंग उभारतोय. जागा, शेड आणि यंत्रं मिळून 9 कोटी. त्यातलं 6 कोटी कर्ज, दर 10 टक्के, बांधकाम वर्षभराचं. 3 कोटी सुरुवातीलाच उचलले, त्यांचं वर्षाचं व्याज 30 लाख. उरलेले 3 कोटी सहा महिन्यांनी उचलले, त्यांचे 15 लाख. कापसाची एक गाठही बांधली गेलेली नसताना हे 45 लाख भरावे लागणार. त्यांची तरतूद आधीच हवी, म्हणून बँक प्रकल्पखर्च 9 कोटी 45 लाख धरते. हेही कर्जातून भागवायचं तर त्या कर्जावर पुन्हा व्याज चढतं. आकडा स्थिर होईपर्यंत गणित फिरवून फिरवून करावं लागतं.

घोटाळा होतो तो पुढे, प्रकल्प परवडतो का हे तपासताना. तिथे भविष्यातली कमाई ठरावीक दराने कमी करून आजच्या किमतीत आणतात. पैसा अडकून पडल्याची भरपाई त्या दरातच धरलेली असते. म्हणून पूर्ण प्रकल्पाचा परतावा काढताना 9 कोटीच, ज्या वेळी खर्च होतात त्या वेळी, मांडायचे. 45 लाखही वजा केले तर त्याच वाट पाहण्याची किंमत दोनदा मोजली जाते आणि चांगला प्रकल्पही तोट्याचा दिसतो. या व्याजावरच्या घसाऱ्याने वाचणारा कर मात्र खरा पैसा, तो दरातच धरलेला नसेल तर मांडायचा. मालकाच्या स्वतःच्या पैशावरचा परतावा काढायचा असेल तर हिशेब बदलतो: कर्ज आत येतं, व्याज बाहेर जातं, दोन्ही मांडावं लागतं.

बांधकाम सहा महिने रखडलं, तर या जिनिंगवर आणखी 30 लाख चढतील. असंच वाढलेलं व्याज वीज प्रकल्पात कोणी सोसायचं, हा वाद अकोला जिल्ह्यातल्या पारसच्या तेव्हा नव्या असलेल्या 250 मेगावॅट संचावरून विद्युत अपील न्यायाधिकरणापर्यंत गेला. 2011च्या निकालाने तीन वाटा आखल्या. उशिराचा दोष पूर्णपणे कंपनीचा असेल तर भार तिचा. कारण तिच्या हाताबाहेरचं असेल तर वाढीव खर्च वीजदरात. आणि या दोन्हींत न बसणाऱ्या उशिराचा खर्च कंपनी आणि ग्राहकांनी वाटून घ्यायचा.