सही आणि शिक्कामोर्तब

दोन राष्ट्रांच्या वकिलांनीं तहाच्या कागदावर सह्या केल्या म्हणजे तह झाला, अशी सर्वसामान्य समजूत असते. इतिहासाच्या पुस्तकांतही तहाच्या नांवापुढें बहुधा एकच तारीख दिलेली असते. सालबाईचा तह १७ मे १७८२ रोजीं झाला, हें वाक्य कित्येकांना शाळेपासून पाठ असतें. परंतु त्या दिवशीं ग्वाल्हेरजवळ सालबाई येथें सह्या झाल्या, एवढेंच खरें. पुणें दरबार त्या तहानें बांधला गेला तो त्यानंतर सात महिन्यांनीं. हे सात महिने कोठें गेले हें पाहिलें, म्हणजे सही आणि बंधन यांत अंतर कां असतें याचा उलगडा होतो.

हें अंतर पुण्याच्या मुत्सद्द्यांना नवीन नव्हतें. १७७३ च्या कायद्यानें मुंबईकर इंग्रजांचा तह करण्याचा स्वतंत्र अधिकार बहुतांशीं काढून घेतला होता. कलकत्त्याच्या गव्हर्नर-जनरलची व त्याच्या कौन्सिलची संमति आवश्यक ठरली होती. तरीही मार्च १७७५ मध्यें मुंबईकरांनीं राघोबादादांशीं सुरतेस तह केला. कलकत्त्यानें तो अमान्य केला आणि कर्नल अप्टन यास पाठवून १७७६ मध्यें पुण्याशीं पुरंदरचा तह केला. एकाच कंपनीच्या एका हातानें केलेली सही दुसऱ्या हातानें पुसली जाऊं शकते, हा पहिला धडा होता.

दुसरा धडा अधिक महागाचा होता. जानेवारी १७७९ मध्यें राघोबांना घेऊन पुण्यावर चालून आलेली मुंबईची फौज वडगांव येथें कोंडली गेली. फौजेबरोबर असलेल्या इंग्रज समितीनें प्रथम सांगितलें, कीं वरिष्ठ सरकारच्या मंजुरीवांचून तह करण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. तर मग अप्टननें केलेला तह मोडण्याचा अधिकार तुम्हांस कोणी दिला, असा मराठ्यांचा सवाल होता. अखेर त्याच समितीनें करारावर सही केली. १७७३ पासून मिळविलेला मुलूख परत करावा, राघोबांना स्वाधीन करावें आणि बंगालकडून येणारी फौज माघारी फिरवावी, असें ठरलें. दोन इंग्रज ओलीस ठेवून घेऊन मराठ्यांनीं कोंडलेली फौज सोडली. ती सुखरूप मुंबईस पोंचली आणि मग मुंबई व कलकत्ता या दोन्ही सरकारांनीं तो करार नाकारला. सही करणारांना अधिकारच नव्हता, हें त्यांचें कारण. बंगालची फौज गॉडर्डच्या हाताखालीं सुरतेस येऊन दाखल झाली आणि युद्ध पुढें चालू राहिलें.

या नकारांत कावा होता, हें उघड आहे. पण कायद्याच्या दृष्टीनें तो निराधार नव्हता. चूक झाली ती वेगळ्या ठिकाणीं. मराठ्यांनीं आपल्या पदरचा मोबदला, म्हणजे कोंडलेली फौज, सही होतांच देऊन टाकला. इंग्रजांचा मोबदला मात्र मंजुरीवर लोंबकळत राहिला.

सालबाईस ही चूक टाळण्यांत आली. तेथें पेशव्यांच्या वतीनें महादजी शिंदे व कंपनीच्या वतीनें डेव्हिड अँडरसन हे पुरे अधिकार घेऊन बसले होते. तरीही त्यांच्या सह्यांनीं काम संपत नव्हतें. एक प्रत कलकत्त्यास व एक पुण्यास जावयाची, दोन्हीकडे मालकाची संमति मिळावयाची, आणि मंजूर झालेल्या प्रतींची अदलाबदल व्हावयाची, असा क्रम होता. मराठी दफ्तरांतही पत्राच्या शेवटीं मोर्तब उठल्याशिवाय लेख पुरा मानीत नसत. तोच न्याय येथें दोन राज्यांना लागला.

वॉरन हेस्टिंग्जला दक्षिणेंत हैदरअल्लीच्या युद्धानें ग्रासलें होतें. मराठ्यांशीं शांतता त्याला तांतडीनें हवी होती. त्यानें ६ जून १७८२ रोजीं, म्हणजे तीन आठवड्यांच्या आंत, तह मंजूर केला. नाना फडणीस मात्र थांबले. याच हैदराशीं पुण्यानें १७८० मध्यें इंग्रजांविरुद्ध सख्य केलेलें होतें. आणि तहाच्या एका कलमानुसार हैदरानें त्या सख्यानंतर जिंकलेला इंग्रजांचा व अर्काटच्या नबाबाचा मुलूख त्याच्याकडून सोडवून देण्याची जबाबदारी पेशव्यांवर येत होती. मुदत होती सहा महिन्यांची, पण ती मोजावयाची होती तह मंजूर झाल्यापासून. मंजुरी दिली नाहीं तोंवर ही मुदत सुरूच होत नव्हती, आणि मित्राविरुद्ध उभें राहण्याचा प्रसंगही येत नव्हता. उलट, मंजूर न केलेला तह दाखवून कृष्णेच्या दक्षिणेकडील मुलूख हैदराकडून परत मिळवावा, असा नानांचा प्रयत्न असल्याचें ग्रँट डफनें नोंदविलें आहे. ७ डिसेंबरला हैदर मरण पावला. २० डिसेंबरला पुण्यानें तहास संमति दिली आणि २४ फेब्रुवारी १७८३ रोजीं मंजूर प्रतींची अदलाबदल झाली.

वडगांवची सही अधिकाराअभावीं फुकट गेली. सालबाईची सही अधिकारयुक्त असूनही वाट पाहत राहिली. या दुसऱ्या प्रकाराचा हेतु समजण्यासारखा आहे. त्या काळीं वकील राजधानीपासून कित्येक आठवड्यांच्या वाटेवर असे. त्यानें आज्ञेबाहेर जाऊन कांहीं कबूल केलें कीं काय, हें पाहण्याची एक संधि मालकाच्या हातीं राहावी, हा मंजुरीचा मूळ उपयोग. पुढें तारायंत्र आलें आणि वकील रोज आज्ञा घेऊं लागला. तेव्हां हें कारण दुबळें झालें. पण तोंवर कित्येक देशांत राजसत्तेचे वांटेकरी वाढले होते. आतां मंजुरीची वेळ ही लोकप्रतिनिधींनीं तह तपासण्याची वेळ ठरली.

अमेरिकेच्या राज्यघटनेंत तहास सेनेटच्या दोन-तृतीयांश मतांची संमति लागते. २८ जून १९१९ रोजीं अध्यक्ष विल्सन यांनीं स्वतः व्हर्साय येथें सही केली. १९ मार्च १९२० च्या अखेरच्या मतदानांत तहाच्या बाजूनें ४९ व विरुद्ध ३५ मतें पडली. बहुमत होतें, पण सात मतें कमी पडली. विल्सन ज्या राष्ट्रसंघासाठीं झगडले त्यांत अमेरिका कधींच आली नाहीं, आणि जर्मनीशीं तिला १९२१ मध्यें वेगळा तह करावा लागला.

मग नुसत्या सहीला कांहींच किंमत नाहीं काय? तसें नाहीं. तहांच्या कायद्याविषयीं व्हिएन्ना येथें १९६९ मध्यें झालेल्या करारानें हा प्रश्न स्पष्ट केला आहे. सही करून मंजुरी राखून ठेवलेल्या राष्ट्रानें, आपण त्या तहांत पडणार नाहीं असें उघड सांगेपर्यंत, त्याचा हेतूच नष्ट होईल असें कृत्य करूं नये. तहाचीं कलमें पाळण्याचें बंधन नाहीं, पण तहाच्या मुळावर घाव घालण्याची मोकळीकही नाहीं. उभय पक्षांनीं तसें ठरविलें असल्यास सहीपासूनच बंधन सुरू होऊं शकतें. तें तहाच्या शेवटच्या कलमांत लिहिलेलें असतें.

म्हणून कोणत्याही तहाची बातमी वाचतांना प्रथम हीं शेवटचीं कलमें पाहावीं, आणि तीन तारखा वेगळ्या ठेवाव्या : सहीची, मंजुरीची आणि अंमल सुरू होण्याची. सालबाईच्या बाबतींत पहिल्या व शेवटच्या तारखेंत नऊ महिन्यांहून अधिक अंतर पडलें. वडगांवच्या बाबतींत पहिलीच तारीख काय ती आली. दुसरी आणि तिसरी कधीं आल्याच नाहींत.